इस्टेट टॅक्सचं गणित: जोडीदाराची सूट, दराचे टप्पे आणि सोडवून दाखवलेली दोन उदाहरणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालची सगळी उत्तरं अमेरिकेच्या फेडरल इस्टेट टॅक्सबद्दल आहेत आणि आकडे २०२६ मध्ये झालेल्या मृत्यूंना लागू होणारे आहेत. हा कर इतर देशांतही आहे. तरी उदाहरणासाठी अमेरिका घेतली, कारण तिथे दराचे टप्पे आणि जोडीदाराची सूट या दोन्ही गोष्टी कागदावर दिसतात तशा वागत नाहीत. एकच कायदा एका कुटुंबाला दोन कोटी डॉलरवर एक पैसाही मागत नाही आणि दुसऱ्या कुटुंबाकडून चार लाख डॉलरवर लाखभर डॉलर घेतो. असं का होतं, हे आकडेमोड करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

### इस्टेट टॅक्स आणि वारसा कर एकच का?

नाही. इस्टेट टॅक्स मृत व्यक्तीच्या एकूण मालमत्तेवर, वाटणी होण्याआधी लागतो. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती तो इस्टेटीतून भरते आणि उरलेलं वारसांना मिळतं. वारसा कर प्रत्येक वारसाला मिळालेल्या हिश्श्यावर वेगळा लागतो, जसा जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये. नावावर मात्र जाऊ नका. ब्रिटनमधल्या कराचं नाव वारसा कर आहे, पण तो लागतो एकूण इस्टेटीवरच.

या फरकाचा टप्प्यांशी थेट संबंध आहे. इस्टेट टॅक्समध्ये सगळी मालमत्ता एका ढिगात धरली जाते आणि टप्पे त्या ढिगाला एकदाच लागतात. वारस दोन असोत की सात, कर तेवढाच.

### ढिगात काय काय धरतात?

मृत्यूच्या दिवशी त्या व्यक्तीच्या मालकीचं जे होतं ते सगळं, त्या दिवशीच्या बाजारभावाने: घर, शेअर, बँकेतली शिल्लक, निवृत्तीची खाती, धंद्यातला हिस्सा. विम्याची रक्कम इथे हमखास विसरली जाते. पॉलिसी स्वतःच्या नावावर असेल तर पैसे थेट बायकोला किंवा मुलांना मिळाले तरी ती रक्कम इस्टेटीत मोजली जाते. नागरिक आणि तिथले रहिवासी यांच्या बाबतीत जगभरातली मालमत्ता धरतात. यातून कर्जं, अंत्यविधीचा खर्च, वकिलाची फी आणि दानधर्म वजा होतो.

### दर १८ ते ४० टक्के असं लिहिलेलं असतं, मग सगळे ४० टक्केच का म्हणतात?

कारण खालचे टप्पे सूट गिळून टाकते.

तक्ता बारा टप्प्यांचा आहे. पहिल्या १० हजार डॉलरवर १८ टक्के, मग २०, २२, २४ असं चढत जाऊन १० लाख डॉलरच्या वर ४० टक्के. पहिल्या १० लाखांवरचा कर सगळे टप्पे मिळून ३,४५,८०० डॉलर होतो.

आता सूट. २०२६ साठी ती माणशी दीड कोटी डॉलर आहे. पण ती मालमत्तेतून वजा होत नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. आधी सगळ्या इस्टेटीवर तक्त्याप्रमाणे कर काढायचा, मग दीड कोटीवर जेवढा कर झाला असता तेवढं क्रेडिट त्यातून वजा करायचं. दीड कोटीवरचा कर म्हणजे ३,४५,८०० अधिक उरलेल्या १ कोटी ४० लाखांचे ४० टक्के, एकूण ५९,४५,८०० डॉलर. हेच क्रेडिट.

म्हणजे सूट तक्त्याच्या तळाकडून लागते. १८ टक्क्यांपासूनचे सगळे स्वस्त टप्पे त्या क्रेडिटमध्ये संपून जातात. दीड कोटीच्या वरचा पहिला डॉलर थेट ४० टक्क्यांत पडतो. जिना बारा पायऱ्यांचा, पण लिफ्ट थेट वरच्या मजल्यावर सोडते. ज्याला दीड कोटीची सूट आहे त्याच्यासाठी दर खरोखर एकच आहे.

ज्याला ती सूट नाही त्याला मात्र पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात. त्याचं उदाहरण पुढे येतं.

### जोडीदाराला दिलेल्या मालमत्तेवर किती सूट?

जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल तर अमर्याद. नवऱ्याने बायकोला एक लाख दिले काय किंवा शंभर कोटी दिले काय, ती सगळी रक्कम वजावट म्हणून इस्टेटीतून बाहेर पडते. १९४८ साली ही सवलत आली तेव्हा ती अर्ध्या इस्टेटीपुरती होती. १९८२ पासून मर्यादाच काढून टाकली.

या सवलतीची किंमत किती असू शकते, ते एडिथ विंडसर यांच्या खटल्यात सगळ्या देशाने पाहिलं. त्यांची पत्नी थिया स्पायर २००९ मध्ये वारल्या. दोघींचं लग्न कॅनडात रीतसर झालेलं होतं, पण फेडरल कायदा तेव्हा दोन स्त्रियांचं लग्न मानत नव्हता. त्यामुळे जोडीदाराची वजावट नाकारली गेली आणि विंडसर यांना ३,६३,०५३ डॉलर इस्टेट टॅक्स भरावा लागला. त्यांनी परताव्यासाठी दावा लावला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाची आठवण विवाहाच्या हक्कांसाठी काढतात, पण मुळात तो इस्टेट टॅक्सच्या परताव्याचा दावा होता.

### म्हणजे जोडीदाराला सगळं दिलं की कर माफ?

माफ नाही, लांबणीवर. जोडीदाराच्या हातात गेलेली मालमत्ता आता जोडीदाराच्या इस्टेटीत जाऊन बसते आणि त्याच्या मृत्यूनंतर तिथे मोजली जाते. सरकार नवरा-बायकोच्या मधे येत नाही, पण दोघांनंतर मुलांच्या दारात उभं राहतं. म्हणून एका मृत्यूचं गणित कधीच पुरेसं नसतं. दोन्ही मृत्यूंचं एकत्र मांडावं लागतं.

### एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

नवरा आणि बायको, दोघेही अमेरिकन नागरिक. नवऱ्याच्या नावावर कर्ज आणि खर्च वजा जाऊन १ कोटी ८० लाख डॉलर, बायकोच्या नावावर ४० लाख. दोघांनीही हयातीत मोठ्या भेटी दिलेल्या नाहीत. (दिल्या असत्या तर त्या सुटीतून वजा झाल्या असत्या. वर्षाला एका व्यक्तीला १९ हजार डॉलरपर्यंत दिलेलं यात मोजत नाहीत.) नवरा आधी जातो आणि मृत्युपत्रात सगळं बायकोला दिलेलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून पुढे मालमत्ता वाढली नाही आणि सूट दीड कोटीच राहिली असं धरू.

नवऱ्याच्या मृत्यूनंतर: १ कोटी ८० लाखांतून जोडीदाराची वजावट १ कोटी ८० लाख. करपात्र इस्टेट शून्य, कर शून्य. घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि फाइल बंद होते.

काही वर्षांनी बायको जाते. तिच्याकडे आता २ कोटी २० लाख आहेत आणि वजावटीला जोडीदार नाही.

```
तक्त्याप्रमाणे कर = ३,४५,८०० + ४०% × (२,२०,००,००० − १०,००,०००)
               = ३,४५,८०० + ८४,००,०००
               = ८७,४५,८००
वजा क्रेडिट      = ५९,४५,८००
भरायचा कर      = २८,००,०००
```

ताळा करायचा सोपा मार्ग आहे. २ कोटी २० लाखांतून दीड कोटी वजा केले की ७० लाख उरतात, त्यांचे ४० टक्के २८ लाख. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं, कारण सगळे खालचे टप्पे क्रेडिटने खाल्ले आहेत. उत्तर जुळलं नाही तर बेरजेत चूक आहे असं समजा.

आता पाहा, नवऱ्याला स्वतःची दीड कोटीची सूट होती. ती वापरलीच गेली नाही, कारण जोडीदाराच्या वजावटीनेच इस्टेट शून्यावर आली. दोघांची मिळून सूट तीन कोटी, मालमत्ता २ कोटी २० लाख, आणि तरी मुलांनी २८ लाख भरले.

### नवऱ्याची न वापरलेली सूट बायकोला मिळू शकत नाही का?

मिळते, पण आपोआप मिळत नाही. १ जानेवारी २०११ पासूनच्या मृत्यूंना ही सोय आहे: पहिल्या जोडीदाराची उरलेली सूट दुसऱ्याच्या नावावर वळवता येते. त्यासाठी पहिल्या मृत्यूनंतर इस्टेट टॅक्सचं विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ७०६, भरावंच लागतं, कर शून्य असला तरी. मुदत नऊ महिन्यांची, अर्ज केला तर आणखी सहा महिने.

वरच्या कुटुंबाने तो फॉर्म भरला असता तर बायकोच्या मृत्यूच्या वेळी तिची दीड कोटी आणि नवऱ्याची वळवलेली दीड कोटी अशी तीन कोटींची सूट असती. २ कोटी २० लाखांवर कर शून्य. एक न भरलेला फॉर्म २८ लाखांना पडला.

माझ्या अनुभवात ही चूक जवळजवळ नेहमी एकाच वाक्याने होते: "कर काहीच नाही, मग विवरणपत्र कशाला?" त्यातून वकील आणि मूल्यांकन यांचा खर्च टाळायचा मोह असतो. ज्यांच्या इस्टेटीला एरवी फॉर्म भरणं सक्तीचंच नव्हतं त्यांना मृत्यूपासून पाच वर्षांपर्यंत उशिराने हा पर्याय घेता येतो. २०२२ साली कर खात्याने ही मुदत दोनावरून पाच वर्षांवर नेली. पण वरच्या उदाहरणात १ कोटी ८० लाखांची इस्टेट सुटीच्या वर आहे, तिला फॉर्म सक्तीचाच होता. तिला पाच वर्षांची ही सोय मिळत नाही, मुदत गेली की गेली.

आणखी एक बारकावा. वळवलेली सूट सर्वांत शेवटी वारलेल्या जोडीदाराचीच धरतात. विधवेने पुन्हा लग्न केलं आणि दुसरा नवराही तिच्याआधी गेला, तर पहिल्याची उरलेली सूट हातची जाते.

### मृत्युपत्रात "बायकोला हयातभर वापर, नंतर मुलांना" असं लिहिलं तर चालेल?

लिहायला चालेल, पण जोडीदाराची वजावट धोक्यात येते. मुदतीने संपणारा हक्क म्हणजे मालमत्ता जोडीदाराला दिली असं कायदा मानत नाही. उलट मानलं तर ती बायकोच्या इस्टेटीतही मोजली जाणार नाही आणि कर दोन्हीकडून निसटेल. यावर तोडगा म्हणजे खास प्रकारचा ट्रस्ट. त्यात सगळं उत्पन्न दरवर्षी तरी बायकोलाच मिळालं पाहिजे, तिच्या हयातीत दुसऱ्या कुणाला काही देता कामा नये, आणि विवरणपत्रात तशी निवड नोंदवली पाहिजे. निवड नोंदवायची राहिली तर ट्रस्ट कितीही चांगला लिहिलेला असो, वजावट मिळत नाही. दुसरं लग्न आणि पहिल्या लग्नाची मुलं असलेल्या घरांत हा प्रश्न हटकून येतो.

### बायको ग्रीन कार्डवर असेल, नागरिक नसेल तर?

तर अमर्याद वजावट नाही. १९८८ साली कायदा बदलला. नागरिक नसलेली विधवा मालमत्ता घेऊन आपल्या देशी परत गेली तर दुसऱ्या मृत्यूचा कर बुडेल, ही त्यामागची धास्ती. ग्रीन कार्ड असणं पुरेसं नाही. पासपोर्टच बघतात.

वरचंच उदाहरण घ्या, फक्त बायको नागरिक नाही. नवऱ्याचे १ कोटी ८० लाख तिला थेट मिळाले तर वजावट शून्य. पण नवऱ्याची स्वतःची दीड कोटीची सूट आहेच. म्हणून कर उरलेल्या ३० लाखांवर, ४० टक्क्यांनी १२ लाख, आणि तो नऊ महिन्यांत भरायचा.

यातून दोन वाटा आहेत. विवरणपत्र भरण्याआधी बायकोने नागरिकत्व घेतलं आणि मृत्यूपासून तोवर ती अमेरिकेतच राहत होती, तर पूर्ण वजावट मिळते. ते जमणारं नसेल तर ते ३० लाख अशा ट्रस्टमध्ये ठेवायचे ज्याचा निदान एक विश्वस्त अमेरिकन नागरिक किंवा तिथली कंपनी आहे. त्यातलं व्याज-लाभांश बायकोला विनाकर मिळतं (उत्पन्नावरचा कर वेगळा), पण मुद्दल काढलं की त्यावर इस्टेट टॅक्स कापला जातो. ट्रस्टमध्ये २० लाख डॉलरहून जास्त असतील तर अट आणखी कडक होते: विश्वस्त म्हणून अमेरिकन बँक हवी किंवा हमी द्यावी लागते. आपल्या उदाहरणात ३० लाख आहेत, म्हणजे ही अट लागू.

### मी अमेरिकेत राहतच नाही, फक्त तिथले शेअर घेतलेत. माझा काय संबंध?

इथे आकडा एकदम बदलतो. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या आणि तिथे वास्तव्य नसलेल्या माणसाला सूट दीड कोटीची नाही, ६० हजार डॉलरची. ही रक्कम महागाईप्रमाणे वाढतही नाही. कर फक्त अमेरिकेतल्या मालमत्तेवर लागतो, पण "अमेरिकेतली" या शब्दाचा अर्थ नीट पाहायला हवा. अमेरिकन कंपनीचा शेअर तुम्ही कुठल्याही देशातल्या ब्रोकरकडून घेतला असला तरी तो अमेरिकेतलाच. अमेरिकेत नोंदलेल्या ईटीएफचं युनिटही तसंच. तिथलं घर किंवा जमीनही त्यातच. उलट तिथल्या बँकेतली धंद्याशी संबंध नसलेली साधी ठेव आणि तुमच्या स्वतःच्या आयुष्याचा विमा यातून बाहेर आहेत. अमेरिकन शेअर घेणाऱ्या भारतीय म्युच्युअल फंडाचं युनिट तुमच्याकडे असेल तर तुमची मालकी त्या फंडाच्या युनिटवर आहे, अमेरिकन शेअरवर नाही.

काही देशांचे अमेरिकेशी इस्टेट टॅक्सचे करार आहेत आणि तिथल्या रहिवाशांना जास्त सूट मिळते. भारताशी असा करार नाही. इथली इस्टेट ड्यूटी १९८५ साली बंद झाली, त्यामुळे तिकडे भरलेल्या कराची इकडे वजावट घ्यायलाही जागा नाही.

### मग चार लाख डॉलरच्या शेअरवर कर किती? टप्प्याटप्प्याने दाखवा.

भारतात राहणारा, अमेरिकेचा नागरिक नसलेला गुंतवणूकदार. मृत्यूच्या दिवशी अमेरिकन शेअर आणि ईटीएफ मिळून ४ लाख डॉलर. बायकोही अमेरिकेची नागरिक नाही. तक्ता तोच, पण आता प्रत्येक पायरी मोजावी लागते.

पहिल्या ६० हजारांवरचा कर १३,००० होतो आणि अशा व्यक्तीला मिळणारं क्रेडिटही बरोबर १३,००० आहे. म्हणून ती पायरी शून्य. पुढे:

| टप्पा (डॉलर) | दर | या टप्प्यातला कर |
|---|---|---|
| ६०,००० ते ८०,००० | २६% | ५,२०० |
| ८०,००० ते १,००,००० | २८% | ५,६०० |
| १,००,००० ते १,५०,००० | ३०% | १५,००० |
| १,५०,००० ते २,५०,००० | ३२% | ३२,००० |
| २,५०,००० ते ४,००,००० | ३४% | ५१,००० |
| एकूण | | १,०८,८०० |

मालमत्तेच्या २७ टक्क्यांहून थोडं जास्त. ३७ आणि ३९ टक्क्यांचे टप्पे पाच लाखांनंतर येतात, इथे त्यांच्यापर्यंत आपण पोचलोच नाही.

या गणितात दोन चुका फार पाहायला मिळतात. एक, ४ लाखांतून ६० हजार वजा करून सरसकट ४० टक्के लावतात. उत्तर येतं १,३६,०००, म्हणजे २७,२०० डॉलर जास्त. ४० टक्के दर १० लाखांच्या वरच लागतो. दुसरी चूक जरा हुशार आहे: ४ लाख ३४ टक्क्यांच्या टप्प्यात येतात म्हणून ३,४०,००० चे ३४ टक्के काढतात, १,१५,६००. पण ३४ टक्के फक्त अडीच लाखांवरच्या भागाला आहेत. खालच्या भागाला खालचेच दर. टप्पा बदलला म्हणून मागच्या सगळ्या रकमेचा दर बदलत नाही. बढती मिळाल्यावर "वरच्या स्लॅबमध्ये गेलो, हातात कमीच येईल" म्हणणारा माणूस हीच चूक करत असतो.

### बायकोला दिलं तर इथे वजावट नाही?

बायको अमेरिकन नागरिक असती तर हे ४ लाख पूर्ण वजा झाले असते आणि कर शून्य. मरणारा कुठला आहे यापेक्षा मागे राहणारा कुठला आहे हे इथे जास्त महत्त्वाचं. दोघेही अमेरिकेबाहेरचे असतील तर आधी सांगितलेला अमेरिकन विश्वस्त असलेला ट्रस्ट हाच मार्ग, आणि ४ लाखांसाठी तो चालवण्याचा खर्च बहुधा परवडत नाही.

### खातं जॉइंट आहे, नॉमिनीही लावलाय. मग?

त्याने करात फरक पडत नाही. नॉमिनी लावल्याने पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते ठरतं, इस्टेटीत काय मोजायचं ते नाही. जॉइंट खात्याचं तर उलटंच होतं. नागरिक जोडीदारांच्या संयुक्त मालमत्तेतला निम्मा भाग आपोआप धरला जातो. जोडीदार नागरिक नसेल तर पूर्ण रक्कम पहिल्या मृत्यूच्या इस्टेटीत धरतात, मागे राहिलेल्याने स्वतःचे किती पैसे घातले ते कागदांनी सिद्ध केलं तर तेवढं सोडून. नवऱ्याच्या पगारातून भरलेल्या खात्यावर बायकोचं दुसरं नाव असेल तर मोजतात पूर्ण खातं.

### कर्ज आणि खर्च वजा होत नाहीत का?

होतात, पण प्रमाणात. अमेरिकेतली मालमत्ता जगभरातल्या मालमत्तेच्या जितकी टक्के, तितकेच टक्के वजा होतात. समजा या माणसाची सगळीकडची मिळून मालमत्ता १६ लाख डॉलर आणि कर्ज व खर्च ८० हजार. अमेरिकेतला हिस्सा पाव, म्हणून वजावट २० हजार. करपात्र रक्कम ३,८०,००० आणि कर १,०२,०००. वाचले ६,८००, म्हणजे २० हजारांचे ३४ टक्के. वजावट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून निघते.

यासाठी जगभरातल्या मालमत्तेचा तपशील अमेरिकन कर खात्याला द्यावा लागतो. काही कुटुंबं तो द्यायला तयार नसतात आणि ही वजावट सोडून देतात. छोट्या रकमेत ते समजण्यासारखं आहे.

### वारसांना हे कळतं कधी?

बहुतेकदा शेअर विकायला गेल्यावर. ब्रोकरला मृत्यूचा दाखला दिला की खातं गोठतं आणि कर खात्याचं हस्तांतर प्रमाणपत्र मागितलं जातं, फॉर्म ५१७३ नावाचं. ते मिळण्यासाठी आधी फॉर्म ७०६-एनए भरायचा, कर चुकता करायचा आणि वाट पाहायची. शेअर सोडवायला कर भरा, आणि कर भरायला शेअर विकता येत नाहीत. १,०८,८०० डॉलर वारसांना दुसरीकडून उभे करावे लागतात.

मुदत इथेही नऊ महिन्यांची. उशीर झाला तर न भरलेल्या कराच्या ५ टक्के दर महिन्याला, २५ टक्क्यांपर्यंत दंड, शिवाय व्याज. वडिलांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने कपाटात ब्रोकरचं जुनं स्टेटमेंट सापडतं, तेव्हा हा दंड आधीच पूर्ण चढलेला असतो. अमेरिकेतली मालमत्ता ६० हजारांच्या आत असेल तर विवरणपत्राची गरज नसते, ब्रोकर साधारणपणे प्रतिज्ञापत्रावर काम करतो. हा आकडा मृत्यूच्या दिवशीचा बघतात, खरेदीचा नाही. ४० हजारांना घेतलेले शेअर ९० हजारांचे झाले असतील तर कराच्या टप्प्यात आलात.

### हयातीत बायकोला किंवा मुलांना शेअर देऊन टाकले तर?

अमेरिकेबाहेरच्या माणसाने अमेरिकन कंपनीचे शेअर हयातीत भेट दिले तर त्यावर तिथला भेट कर लागत नाही, आणि देऊन टाकलेले शेअर त्याच्या इस्टेटीत राहत नाहीत. याच शेअरवर मृत्यूनंतर कर आहे, हयातीत नाही. ही विसंगती कायद्यातच आहे. घर किंवा जमिनीला मात्र ही सोय नाही. तिच्या भेटीवर कर लागतो. शिवाय शेअर खरोखर देऊन टाकायला हवेत. लाभांश आपल्याच खात्यात येत राहिला आणि विकायचं आपणच ठरवत राहिलो तर ती भेट टिकणार नाही. आणि घेणाऱ्याच्या इस्टेटीत ते शेअर मोजले जातातच. ४ लाख चार मुलांत वाटले तर प्रत्येकाच्या डोक्यावर एक लाख, म्हणजे पुन्हा ६० हजारांच्या वर.

### मी एच-वन व्हिसावर अमेरिकेत आहे. मला दीड कोटी की ६० हजार?

ते तुमचं कायमचं वास्तव्य कुठे आहे यावर ठरतं, व्हिसाच्या नावावर किंवा प्राप्तिकराच्या दिवसांच्या मोजणीवर नाही. घर घेतलंय, मुलं तिथल्या शाळेत आहेत, ग्रीन कार्डचा अर्ज केलाय, परतायचा ठरलेला बेत नाही, तर तिथलं वास्तव्य मानलं जाण्याची शक्यता जास्त. मग सूट दीड कोटी, पण मोजणीत जगभरातली मालमत्ता, इकडचा फ्लॅटसुद्धा. दोन वर्षांच्या कामासाठी गेलेल्या माणसाचं गणित ६० हजारांचं.

### राज्यांचा वेगळा कर असतो का?

काही राज्यांत असतो आणि तिथे सूट बरीच कमी असते: ओरेगॉनमध्ये १० लाख डॉलर, मॅसॅच्युसेट्समध्ये २० लाख. या दोन्ही राज्यांत जोडीदाराची न वापरलेली सूट वळवता येत नाही. म्हणून फेडरल कर शून्य असलेलं कुटुंबही तिथे कर भरतं. "सगळं बायकोला" असं एका ओळीचं मृत्युपत्र अशा राज्यांत पहिल्या जोडीदाराची राज्याची सूट वाया घालवतं. म्हणून तिथे सुटीएवढी रक्कम वेगळ्या ट्रस्टमध्ये टाकून उरलेलं जोडीदाराला देण्याची जुनी पद्धत अजून चालू आहे.